घाम खारट, श्वासनलिका कोरड्या: सिस्टिक फायब्रोसिसमध्ये नेमके काय बिघडते

ग्वाल्हेरला मे महिन्यात तापमान 45 अंशांच्या आसपास पोहोचले की बालरुग्ण विभागात उलट्या, मलूलपणा आणि खोल गेलेले डोळे घेऊन येणाऱ्या बाळांची रांग लागते. बहुतेकांना साधे जुलाब झालेले असतात आणि सलाइन व जलसंजीवनीने ती दोन दिवसांत टवटवीत होतात. मात्र त्यांच्यात एखादेच बाळ असे असते, की त्याच्या रक्ताचा अहवाल जुलाबाच्या निदानाशी जुळत नाही. या लेखात अशाच एका मुलाचे उदाहरण शेवटपर्यंत सोबत घेतो. तो कोणी एक प्रत्यक्ष रुग्ण नव्हे. सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांच्या कागदपत्रांत आम्हा बालरोगतज्ज्ञांना जे पुन्हा पुन्हा दिसते, ते एकत्र करून हा मुलगा उभा केला आहे.

लष्कर भागातील एका मराठी कुटुंबातले हे 14 महिन्यांचे बाळ आहे. दोन उलट्या झाल्या आहेत, जुलाब फारसे नाहीत, ताप नाही, पण बाळ इतके गळून गेले आहे की मान धरत नाही. रक्तात सोडियम 124, क्लोराइड 74 आणि पोटॅशियम 2.6 आहे, तिन्ही आकडे बरेच कमी आहेत. जुलाबात शरीरातून बायकार्बोनेट निघून जाते आणि रक्त आम्लाकडे झुकते. या बाळाचे रक्त मात्र उलट अल्कधर्मी झाले आहे, आणि दोन उलट्यांनी एवढा फरक पडत नाही. हे मीठ गेले कोठे, हा प्रश्न येथे विचारायला हवा होता. आजी सांगत होत्या, "अहो डॉक्टर, याचा पापा घेतला की ओठांना मीठ लागतं. कपाळावर पांढरी पूड दिसते, ती पुसली की मिठाचीच." ते वाक्य कोणी टिपून घेतले नाही. सलाइनमधून मीठ आणि पोटॅशियम मिळाल्यावर बाळ सुधारले आणि "उष्णतेमुळे झालेले निर्जलीकरण" असा शेरा घेऊन घरी गेले. त्याला सहा महिन्यांपासून खोकला होता, वजन वाढत नव्हते आणि शी तेलकट, चिकट व दुर्गंधी होती, या गोष्टी वेगवेगळ्या भेटींत वेगवेगळ्या तक्रारी म्हणून नोंदल्या गेल्या.

या सर्व तक्रारींचे मूळ एकच आहे. पेशींच्या पृष्ठभागावर क्लोराइडला ये-जा करू देणारे एक प्रथिन असते. त्याला त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून सीएफटीआर म्हणतात. हे प्रथिन बनवण्याची सूचना सातव्या गुणसूत्रावरील एका जनुकात असते आणि ते जनुक 1989 मध्ये सापडले. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एक प्रत सदोष असेल तर दुसरीवर काम भागते, माणूस निरोगी राहतो आणि आपण वाहक आहोत हे त्याला बहुधा आयुष्यभर कळतही नाही. दोन्ही प्रती सदोष असतील तरच आजार होतो. म्हणून आई-वडील दोघेही ठणठणीत असताना मूल आजारी निघू शकते आणि जवळच्या नात्यात विवाह होतात तेथे ही शक्यता वाढते.

हा एकच बिघाड घामात मीठ वाढवतो आणि फुप्फुसात पाणी कमी करतो. ऐकायला हे परस्परविरोधी वाटते. वर्षानुवर्षे वैद्यकालाही त्याची संगती लागत नव्हती. 1938 मध्ये न्यूयॉर्कच्या डोरोथी अँडरसन यांनी या आजाराचे सविस्तर वर्णन केले ते मुख्यतः स्वादुपिंडाचा आजार म्हणून. 1953 मध्ये पॉल दि सांत'अग्नीज यांनी घामातले जास्तीचे मीठ दाखवून दिले. त्यांचे लक्ष तिकडे गेले ते न्यूयॉर्कमधील उष्णतेच्या लाटेमुळे, कारण हा आजार असलेली मुले उकाड्यात इतरांपेक्षा लवकर कोसळत होती. त्यानंतर 30 वर्षांनी, 1983 मध्ये, स्वतः हा आजार असलेले शास्त्रज्ञ पॉल क्विंटन यांनी घामाच्या नलिकेवर प्रयोग करून सिद्ध केले की क्लोराइड तेथील भिंत ओलांडूच शकत नाही. तेव्हा बिघाडाचे नेमके स्थान कळले.

घामाची ग्रंथी त्वचेच्या खाली वेटोळे घालून बसलेली असते. वेटोळ्यात तयार होणारा घाम सुरुवातीला जवळजवळ रक्तद्रवाइतकाच खारट असतो. तो अरुंद नलिकेतून वर त्वचेकडे चढतो तेव्हा नलिकेच्या पेशी त्यातले सोडियम आणि क्लोराइड परत शरीरात ओढून घेतात, आणि नलिकेची भिंत पाणी जाऊ देत नसल्यामुळे पाणी घामातच राहते. परिणामी त्वचेवर पोहोचणारा घाम बराच अळणी असतो. क्लोराइडला परत येण्याचा मार्ग म्हणजे सीएफटीआर. तो बंद असला की क्लोराइड नलिकेतच अडकते, त्याच्या विद्युतभारामुळे सोडियमही मागे राहते आणि सगळे मीठ त्वचेवर येऊन वाळते. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात बाळाचे मीठ असे दिवसभर बाहेर पडत राहिले, तर मूत्रपिंडे उरलेले सोडियम वाचवण्यासाठी पोटॅशियम आणि आम्ल लघवीवाटे टाकतात आणि रक्त अल्कधर्मी होते. आपल्या बाळाच्या अहवालातील तिन्ही कमी आकडे आणि अल्कधर्मी रक्त यांचा अर्थ हा होता. थंड देशांतल्या पुस्तकांत या लक्षणाला थोडी जागा मिळते. आपल्याकडे मात्र ते आजाराचे पहिलेच लक्षण ठरू शकते, असे माझे मत आहे आणि उत्तरेतल्या उन्हाळ्यात काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टराने ते मनात ठेवायला हवे.

आता श्वासनलिकेकडे येऊ. येथे क्लोराइडची दिशा उलटी असते. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरातील पेशी सीएफटीआरमधून क्लोराइड बाहेर, म्हणजे नलिकेच्या पोकळीकडे, सोडतात. त्यामागोमाग सोडियम जाते आणि हे अस्तर पाणी जाऊ देत असल्यामुळे पाणीही ओढले जाते. त्याच पेशींवर सोडियम आत शोषून घेणारा दुसरा एक मार्गही असतो. एक मार्ग पाणी बाहेर आणतो आणि दुसरा आत नेतो. या दोघांच्या तोलातून अस्तरावर पाण्याचा अत्यंत पातळ थर कायम राखला जातो. त्याची जाडी सुमारे 7 मायक्रोमीटर असते, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांपैकी सात. आकडा क्षुल्लक वाटला तरी अस्तरावरील सूक्ष्म केसांची, म्हणजे सिलियांची, उंचीही जवळपास तेवढीच असते. हे सिलिया या पाण्यात सरळ उभे राहून सतत हलत असतात आणि त्यांची टोके वर तरंगणाऱ्या श्लेष्म्याच्या थराला घशाच्या दिशेने ढकलत असतात. श्वासाबरोबर आलेली धूळ आणि जंतू त्या थराला चिकटतात, मिनिटाला काही मिलिमीटर या वेगाने वर सरकतात आणि नकळत गिळले जातात. निरोगी माणसात हे काम रात्रंदिवस चालते आणि त्यासाठी खोकावेही लागत नाही.

सीएफटीआर नसेल तर पाणी बाहेर आणणारी बाजू थांबते, पण सोडियम आत शोषणारी बाजू चालूच राहते. त्यामुळे पाण्याचा थर आटतो, सिलियांना उभे राहायला जागा उरत नाही आणि वरचा श्लेष्मा खाली बसून त्यांच्यावर चिकटतो. शिवाय सीएफटीआरमधून केवळ क्लोराइडच जाते असे नाही, बायकार्बोनेटही जाते, आणि ही गोष्ट पूर्वी समजली जात होती त्यापेक्षा महत्त्वाची आहे. श्लेष्म्याला चिकटपणा देणारी म्युसिन नावाची लांबलचक प्रथिने पेशीच्या आत कॅल्शियमच्या साहाय्याने अगदी घट्ट आवळून ठेवलेली असतात. बाहेर पडताच बायकार्बोनेट ते कॅल्शियम काढून घेते, म्युसिनची वेटोळी सुटतात आणि पाणी शोषून ती मूळ आकाराच्या शेकडो पट फुगतात. फालुद्यासाठी सब्जा भिजवताना ज्यांनी कधी पाणी कमी घातले असेल त्यांना बिघाडाचे चित्र लगेच कळेल: भरपूर पाण्यात प्रत्येक दाणा वेगळा फुगून सरसरीत राहतो, अपुऱ्या पाण्यात सगळे दाणे एकमेकांना धरून बसतात आणि चमच्याने हलवले तरी गोळा सुटत नाही. श्वासनलिकेत पाणीही कमी आणि बायकार्बोनेटही कमी, म्हणून म्युसिन पूर्ण उलगडत नाही. निरोगी श्लेष्म्यात घनपदार्थ शेकडा 2 च्या आसपास असतात. या आजारात ते त्याच्या तिप्पट-चौपट होतात. एवढ्या फरकाने वाहता थर हा भिंतीला चिकटलेला थर बनतो.

येथपर्यंतच्या वर्णनात जंतूंचा उल्लेख फारसा आलेला नाही, आणि ते हेतुपुरस्सर आहे. या मुलांची फुप्फुसे जन्माच्या वेळी जवळपास निरोगी असतात. "फुप्फुसे मुळातच कमकुवत होती" हे कुटुंबाला अनेकदा सांगितले जाणारे स्पष्टीकरण म्हणूनच चुकीचे आहे. बिघाड मुळातला आहे हे खरे, पण फुप्फुसांची हानी जन्मानंतर, हळूहळू आणि ओळखता येण्याजोग्या टप्प्यांनी होते.

पहिला टप्पा लहान श्वासनलिकांत सुरू होतो. दोन मिलिमीटरपेक्षा अरुंद असलेल्या नलिकांत चिकट श्लेष्म्याचे बोळे अडकतात. बोळ्याच्या आतपर्यंत प्राणवायू पोहोचत नाही, कारण अस्तरातील पेशी तो वाटेतच वापरून टाकतात. अशा जागी श्वासाबरोबर आलेले जंतू स्थिरावतात. लहान वयात ते बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस किंवा हिमोफिलस असतात. त्यांच्यावर तुटून पडण्यासाठी रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने येतात. एरवी हे न्यूट्रोफिल जंतू गिळून आपले काम संपवतात आणि श्लेष्म्याबरोबर वाहून जातात. येथे वाहणेच थांबलेले असल्यामुळे ते तेथेच मरतात आणि फुटतात, आणि फुटताना दोन गोष्टी मागे सोडतात.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांच्या केंद्रकातील डीएनए. त्याचे लांब धागे आधीच दाट असलेल्या कफात मिसळून तो आणखी चिवट करतात; मोठ्या वयाच्या रुग्णांच्या हिरवट-पिवळ्या कफाची चिकटाई पुष्कळ अंशी या डीएनएमुळे असते. दुसरी गोष्ट अधिक घातक आहे. न्यूट्रोफिल आपल्याजवळ इलॅस्टेज नावाचे प्रथिने कापणारे विकर बाळगतात. शरीराकडे त्याला निष्प्रभ करणारी द्रव्ये असतात, पण येथे इलॅस्टेज इतके सुटते की ती पुरी पडत नाहीत. मोकळे राहिलेले इलॅस्टेज श्वासनलिकेच्या भिंतीतील लवचीक तंतू कापते, सिलिया असलेल्या पेशींना इजा करते, जंतूंना ओळखण्यासाठी लागणारी प्रथिने तोडते आणि वर ग्रंथींना अधिक श्लेष्मा सोडायला भाग पाडते. म्हणजे अडथळ्यामुळे जंतू, जंतूंमुळे न्यूट्रोफिल, न्यूट्रोफिलमुळे इलॅस्टेज आणि इलॅस्टेजमुळे पुन्हा अधिक अडथळा. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी नवजात तपासणीत सापडलेल्या बाळांच्या फुप्फुसांतून धुवून घेतलेला द्रव तपासला आणि 2013 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: तीन महिन्यांच्या वयात ज्या बाळांच्या द्रवात मोकळे इलॅस्टेज सापडले, त्यांच्यात तीन वर्षांपर्यंत श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याची शक्यता बरीच जास्त होती. लक्षणे दिसण्याच्या कितीतरी आधी हे सुरू झालेले असते, ही या आजारातली सर्वांत जड बाब आहे.

आपल्या मुलाचे पुढे काय झाले ते या पार्श्वभूमीवर पाहू. तीन वर्षांच्या वयापर्यंत त्याला दोनदा न्यूमोनिया झाला. मधल्या काळात छातीत घरघर ऐकू येई, म्हणून दम्याचे औषध सुरू होते. त्याने थोडा आराम पडे, खोकला मात्र थांबत नसे. पाचव्या वर्षी वजन कमी, खोकला जुना आणि एक्स-रेमध्ये वरच्या भागात डाग, म्हणून क्षयाचा संशय आला आणि जंतू सापडलेला नसतानाही सहा महिन्यांचे उपचार झाले. आपल्या भागात क्षय इतका आढळतो की हा संशय येणे स्वाभाविक आहे. पण पुढची पायरी राहून गेली. क्षयाचे उपचार पूर्ण होऊनही खोकला ओलाच राहिला, कफात क्षयाचा जंतू एकदाही दिसला नाही आणि शी तेलकटच होती, तर दुसरे कारण शोधायला हवे. या आजारातही वरचे भाग आधी आणि अधिक बिघडतात, त्यामुळे केवळ एक्स-रेवरून दोहोंत भेद करणे कठीण असते. तेलकट शीचे कारणही तोच बंद मार्ग आहे: स्वादुपिंडाच्या नलिकांतला स्राव घट्ट होऊन पाचक विकरे आतड्यात पोहोचत नाहीत, चरबी पचत नाही आणि मूल भरपूर खाऊनही वाळते.

सातव्या वर्षी एका शिबिरात त्याची स्पायरोमेट्री झाली, म्हणजे जोराने फुंकून घेण्याची श्वासचाचणी, आणि ती जवळपास पूर्ण निरोगी आली. त्यामुळे सर्वांना हायसे वाटले. येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण या चाचणीने पुष्कळांची दिशाभूल होते. पहिल्या एका सेकंदात बाहेर पडणारी हवा मोजली जाते, आणि ती हवा किती अडते हे मुख्यतः मोठ्या नलिकांवर ठरते. लहान नलिका हजारोंच्या संख्येने समांतर असल्यामुळे त्यांतल्या बऱ्याच बुजल्या तरी एकूण अडथळा विशेष वाढत नाही. आजार मात्र लहान नलिकांतच सुरू होतो. म्हणून स्पायरोमेट्रीचा आकडा चांगला असणे म्हणजे फुप्फुसे चांगली असणे नव्हे. काही मोजक्या केंद्रांत श्वासाबरोबर फुप्फुसातील एखादा वायू पूर्ण धुऊन निघायला किती हवा लागते हे मोजतात. बुजलेल्या भागांतून तो सावकाश निघतो, त्यामुळे बिघाड लवकर उघड होतो. सीटी स्कॅनही तो दाखवतो, पण किरणोत्सर्गामुळे लहान मुलांत तो वारंवार करता येत नाही.

नवव्या वर्षी मुलाच्या बोटांची टोके फुगीर झालेली एका डॉक्टरांच्या लक्षात आली आणि सीटी स्कॅन झाला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागातील श्वासनलिका शेजारच्या रक्तवाहिनीपेक्षा रुंद दिसत होत्या. निरोगी फुप्फुसात नलिका आणि तिच्या सोबतची रक्तवाहिनी जवळजवळ सारख्याच जाडीच्या असतात, म्हणून हा फरक डोळ्यांनी दिसतो. याला ब्राँकिएक्टेसिस म्हणतात. भिंतीतील लवचीक तंतू कापले गेले, आतून कफाचा दाब आणि बाहेरून आजूबाजूच्या आकसलेल्या भागाचा ताण आला, की नलिका ढिली होऊन रुंदावते. रुंद झालेली नलिका खोकताना आतल्या बाजूला कोसळते, त्यामुळे कफ बाहेर फेकण्याची शरीराची उरलेली युक्तीही अपुरी पडते.

त्याच वेळी कफाच्या कल्चरमध्ये, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जंतू सापडला. हा जंतू ओलसर जागी सर्वत्र असतो आणि निरोगी फुप्फुसाला सहसा त्रास देत नाही. कफाच्या बोळ्यातल्या प्राणवायूविरहित जागेत मात्र तो जमून राहतो, आणि काही काळाने स्वतःभोवती चिकट शर्करेचे आवरण तयार करून समूहाने राहू लागतो. त्या अवस्थेत त्याची वाढ मंद असते, आवरणातून औषध पुरेसे पोहोचत नाही आणि टोब्रामायसिनच्या वर्गातील प्रतिजैविके तर प्राणवायूच्या अभावी आणखी दुर्बळ ठरतात. म्हणून हा जंतू पहिल्यांदा सापडताच, आवरण तयार होण्यापूर्वी, जोरदार उपचार करून त्याला घालवण्याचा प्रयत्न करतात. पहिले कल्चर वेळेवर होणे यासाठीच गरजेचे असते. या मुलाचा कफ नवव्या वर्षापूर्वी केवळ क्षयासाठी तपासला गेला होता, इतर जंतूंसाठी कधीच नाही.

निदान अखेर घामाच्या चाचणीने झाले. ही चाचणी 1959 पासून मुळात त्याच पद्धतीने होते. पुढच्या हाताच्या त्वचेवर पायलोकार्पिन हे औषध सौम्य विजेच्या साहाय्याने आत सोडतात, त्याने तेथे घाम येतो, तो अर्धा तास गोळा करतात आणि त्यातले क्लोराइड मोजतात. लिटरला 60 मिलिमोल किंवा अधिक आले तर आजार आहे असे धरतात, 30 च्या खाली असेल तर शक्यता फार कमी, आणि मधला आकडा आला तर जनुकीय तपासणीने निर्णय करावा लागतो. या मुलाचा आकडा 94 आला आणि पुन्हा केलेल्या चाचणीत 97. चाचणी दोनदा करण्याचे कारण असे की त्यात चुकीला वाव असतो: घाम पुरेसा जमला नाही तर निकाल ग्राह्य धरत नाहीत, गोळा करताना घाम उडून गेला तर आकडा खोटा वाढतो, आणि कुपोषणाने अंगावर सूज असेल तर आकडा खोटा कमी येऊ शकतो. त्यामुळे ज्या प्रयोगशाळेत ही चाचणी नियमित होते तेथेच ती करून घ्यावी, मग त्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागले तरी चालेल.

उपचारांचा विचार केला तर साखळीच्या प्रत्येक कडीवर वेगळे औषध आहे, आणि त्यांचा क्रम पाळल्याशिवाय त्यांचा पुरेसा उपयोग होत नाही. मुलाचा सकाळचा क्रम असा ठरला: प्रथम श्वासनलिका सैल करणारे औषध, मग 7 टक्के मिठाच्या पाण्याचा बारीक फवारा नेब्युलायझरमधून, जो मीठ असल्यामुळे अस्तरातून पाणी ओढून आटलेला थर काही तासांपुरता भरून काढतो, त्यानंतर फिजिओथेरपी, ज्यात दीर्घ श्वास घेणे, रोधाविरुद्ध श्वास सोडणे आणि तोंड उघडे ठेवून जोराने हवा बाहेर फेकणे यांनी सुटलेला कफ बाहेर काढतात, आणि सर्वांत शेवटी, नलिका शक्य तितक्या मोकळ्या झाल्यावर, श्वासावाटे घ्यायचे प्रतिजैविक. ते आधी घेतले तर औषध कफावरच राहते आणि भिंतीपर्यंत पोहोचत नाही. डॉर्नेज अल्फा हे औषध मृत न्यूट्रोफिलचे डीएनए कापून कफ पातळ करते. त्याची वेळ डॉक्टर वेगळी ठरवून देतात. याशिवाय प्रत्येक जेवणाबरोबर स्वादुपिंडाच्या विकरांच्या कॅप्सूल, चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वे आणि उन्हाळ्यात ठरवून दिलेले जास्तीचे मीठ. घरात "मुलाला कशाला इतकं मीठ देता" असा आग्रह धरणारे वडीलधारे असतात. इतरांच्या बाबतीत त्यांचे म्हणणे बरोबर आहे, पण या मुलासाठी मीठ हे औषधच आहे.

2012 पासून मूळ बिघाडावरच काम करणारी औषधे आली आहेत. त्यांचा उपयोग नेमका कोणाला होतो हे बिघाडाच्या प्रकारावर अवलंबून आहे. जगभर सर्वाधिक आढळणाऱ्या एफ508डेल या बदलात प्रथिनातला 508 व्या जागेवरचा एकच घटक गळतो. त्यामुळे प्रथिनाची घडी चुकते आणि पेशी ते पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच नष्ट करते. 2019 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या तीन औषधांच्या मिश्रणातील दोन औषधे, इलेक्साकाफ्टर आणि टेझाकाफ्टर, ती घडी सावरतात आणि तिसरे, इव्हाकाफ्टर, पृष्ठभागावर पोहोचलेला मार्ग अधिक वेळ उघडा ठेवते. मुख्य चाचणीत या मिश्रणाने पहिल्या सेकंदाच्या हवेचा आकडा, अपेक्षित प्रमाणाच्या टक्केवारीत, सुमारे 14 अंकांनी वाढला आणि घामातले क्लोराइड सुमारे 42 मिलिमोलने उतरले. पण ज्यांच्या दोन्ही प्रतींतून प्रथिन तयारच होत नाही, त्यांच्यात सावरायला काहीच नसते. युरोपीय वंशाच्या रुग्णांत एफ508डेल बहुसंख्यांत सापडतो, भारतीय रुग्णांत त्याचे प्रमाण बरेच कमी आहे, आणि ही औषधे आपल्याकडे सामान्य कुटुंबाला परवडणारी नाहीत. म्हणून औषधाचा विचार करण्यापूर्वी दोन्ही बदल कोणते ते तपासून घेतात. या मुलाच्या एका प्रतीत एफ508डेल निघाला, म्हणजे औषध लागू पडण्याची शक्यता आहे. तरीही रुंदावलेल्या नलिका त्याने पूर्ववत होत नाहीत, आणि तेथे वस्ती केलेला जंतू बहुधा पूर्णपणे जात नाही. त्यामुळे औषध मिळाले तरी सकाळची फिजिओथेरपी लगेच सोडून देता येणार नाही.

मुलाच्या निदानानंतर आई-वडिलांना त्याच्या दोन महिन्यांच्या बहिणीची घामाची चाचणी करायला सांगण्यात आले. सख्ख्या भावंडात हा आजार असण्याची शक्यता चारांत एक असते. तिला खोकला नव्हता, वजनही ठीक वाढत होते, म्हणून आजी तयार नव्हत्या. आकडा 91 आला. तिच्या बाबतीत मीठ, विकरे आणि छातीची फिजिओथेरपी त्याच आठवड्यात सुरू झाली, आणि दर तीन महिन्यांनी घशातून नमुना घेऊन कल्चर करायचे ठरले, खोकला असो वा नसो.